अनुक्रमे म्हणजे कोणाचे किती?

रसायनशास्त्राच्या पुस्तकात असे वाक्य सहज सापडू शकते: ‘लिथियम व सोडियम यांचे द्रवणांक व उत्कलनांक अनुक्रमे १८१, ९८, १३४२ व ८८३ अंश सेल्सिअस आहेत.’ चारही आकडे बरोबर आहेत, पण कोणता कोणाचा? आधी लिथियमचे दोन्ही आणि मग सोडियमचे, की आधी दोघांचे द्रवणांक आणि मग उत्कलनांक? पहिल्या वाचनात लिथियम १८१ अंशाला वितळते आणि ९८ अंशाला उकळते, असा अर्थ निघतो. वितळण्याआधीच उकळणे शक्य नाही, म्हणून दुसरे वाचन खरे. हे कळायला विषय आधीच माहीत असावा लागतो, आणि ज्याला तो माहीत नाही, त्याच्यासाठीच तर पुस्तक लिहिलेले असते.

‘अनुक्रमे’ वाचकाला मागे पाठवते. त्याने नावांचा क्रम लक्षात ठेवायचा, मग आकडे मोजून जोड्या लावायच्या. दोन नावे आणि दोन आकडे शेजारी असले तर हे जमते. नावे तीन झाली किंवा एकेका नावाला दोन आकडे आले, की बोट ठेवून वाचावे लागते.

‘पहिले’ आणि ‘नंतरचे’ या शब्दांचा धोका याहून मोठा. समजा, आरोग्यविषयक लेखात लिहिले आहे: ‘पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन यांनी ताप उतरतो. डेंग्यूची शंका असल्यास पहिले चालते, नंतरचे टाळावे.’ नंतरचे म्हणजे फक्त ॲस्पिरिन, की आयबुप्रोफेनही? डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो आणि या दोन्ही औषधांनी तो वाढू शकतो, म्हणून दोन्ही टाळायची असतात. वाक्यातून मात्र एकच टाळायचे, असा समज होऊ शकतो. ‘पॅरासिटामॉल चालते, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन टाळावे,’ असे लिहिले तर शंकेला जागाच उरत नाही, आणि वाक्य फारसे लांबतही नाही.

एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये, हे शाळेतल्या निबंधात शिकवतात. ललित लेखनात ते शोभते. शास्त्रीय लेखनात मात्र एका वस्तूला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच नाव असावे आणि ते हवे तितक्या वेळा यावे. नाव बदलले, की वाचक वस्तूच बदलली असे समजतो.

मजकूर तपासायची रीत सोपी आहे. ‘अनुक्रमे’, ‘पहिले’, ‘नंतरचे’, ‘वरील’ या शब्दांखाली रेघ मारा. मग लेख न वाचलेल्या माणसाला तेवढेच वाक्य, आणि गरज पडल्यास त्याआधीचे एक, वाचायला द्या. त्याने न अडखळता जोड्या सांगितल्या तर शब्द राहू द्या. तो मागे वळून शोधू लागला तर तिथे नाव लिहा. आकडे चार किंवा जास्त असतील तर सरळ तक्ता द्या. औषध, मात्रा किंवा विष यांविषयी लिहिताना तर जोडी लावण्याचे काम वाचकावर कधीच सोपवू नका.