बॅकअपची जागा रिकामी निघाली तेव्हा

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब कंपनीतल्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसलं. हात थांबेपर्यंत सुमारे 300 जीबींपैकी साडेचारच उरले होते.

बॅकअप रोज आपोआप होतो, असं सगळे धरून चालले होते. पाहतात तर साठवणीची जागा रिकामी! डेटाबेस 9.6 आवृत्तीचा आणि `pg_dump` 9.2 चं, त्यामुळे ते दर वेळी सुरुवातीलाच थांबायचं. तसं कळवणारे ईमेलही मेल सर्व्हर नाकारत होता.

तारलं ते त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी भलत्याच कामासाठी हाताने घेतलेल्या प्रतीने. मधल्या सहा तासांतल्या नोंदी मात्र गेल्या. शिवाय संथ डिस्कवरून ती प्रत हलवायला सुमारे 18 तास लागले.

महिन्यातून एकदा ताजी प्रत वेगळ्या सर्व्हरवर घड्याळ लावून उभी केली असती, तर रिकामी जागा पहिल्याच वेळी दिसली असती. प्रत नीट उघडली तरी तेवढ्यावर थांबू नये. त्यातली शेवटची नोंद कालची आहे की तीन महिन्यांपूर्वीची, हे तारीख पाहून तपासावं लागतं:

```
SELECT max(created_at) FROM orders;
```