व्हिडिओवरचा आहारसल्ला: नोंदीत काय असावे, काय नसावे

समजा, बेंगळुरूच्या राजाजीनगरात राहणाऱ्या 46 वर्षांच्या एक मराठी बाई पुण्यातल्या आहारतज्ज्ञांचा व्हिडिओवर सल्ला घेत आहेत. त्यांना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे आणि संकष्टीचा उपवास असतो. अशा सल्ल्याच्या नोंदीबद्दल तज्ज्ञांमध्ये आणि रुग्णांमध्येही काही गैरसमज ठाण मांडून बसले आहेत.

गैरसमज: कॉल घेतला म्हणजे सगळ्यालाच संमती मिळाली.

केंद्राने 25 मार्च 2020 रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे काढली. रुग्णाने स्वतःहून संपर्क केला, तर सल्ल्यापुरती संमती गृहीत धरावी आणि डॉक्टर, आरोग्य कर्मचारी किंवा काळजी घेणाऱ्या व्यक्तीने सुरुवात केली, तर ती स्पष्ट घेऊन नोंदवावी, असे त्यात आहे. ही तत्त्वे नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत, पण आहारतज्ज्ञांनी नमुना म्हणून ती वापरायला हरकत नाही.

मात्र सल्ल्याला होकार म्हणजे कॉल रेकॉर्ड करायला होकार नव्हे. अहवालाचा फोटो दुसऱ्या डॉक्टरांना पाठवायचा असेल, तर तेही वेगळे विचारावे लागते. बाईंच्या शेजारी सूनबाई बसल्या असतील, तर नोंद अशी हवी: ‘सून उपस्थित. रुग्णाने त्यांच्यासमोर बोलण्यास होकार दिला. रेकॉर्डिंगला नकार.’ नकारही लिहायचा, कारण पुढच्या वेळी दुसरे कोणी कॉल घेईल.

याच ठिकाणी रुग्ण आत्ता कुठे आहे, तेही लिहून ठेवावे. बोलता बोलता भोवळ आली, तर पुण्यातून मदत कुठे पाठवणार? राजाजीनगरात ईएसआयसीचे मोठे रुग्णालय आहे, पण ते मुख्यतः विमाधारक कामगारांसाठी. म्हणून ‘जवळचे रुग्णालय’ असे मोघम न लिहिता बाई खरोखर कुठे जातील, ते विचारून घ्यावे.

गैरसमज: वजन-उंची रुग्णाने सांगितली की आकडा मिळाला.

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. बाई म्हणतात, ‘उंची पाच फूट दोन, वजन 61.’ त्यावरून बीएमआय येतो 24.6. मग त्यांना अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उभे राहायला सांगितले. सूनबाईंनी डोक्यावर आडवे पुस्तक धरून पेन्सिलीने खूण केली आणि टेपने मोजले. उंची भरली 153 सेंटिमीटर. आता बीएमआय 26.1. भारतीयांसाठी स्थूलतेची रेषा सहसा 25 ला धरतात, म्हणजे लग्नाच्या बायोडेटातून चालत आलेल्या उंचीने बाईंना रेषेच्या अलीकडे ठेवले होते.

वजनकाट्याचेही तेच. तो मऊ चटईवर नको, फरशीवर हवा आणि रिकामा असताना शून्य दाखवायला हवा. मग आधी एकटे, नंतर 10 किलो सोना मसुरीची न फोडलेली पिशवी हातात घेऊन उभे राहायचे. फरक साधारण दहाचा आला, तर काटा विश्वासाचा. अर्ध्या किलोहून जास्त चुकला, तर त्यावरून निष्कर्ष काढू नये. नोंद: ‘वजन 61.0, घरगुती डिजिटल काटा, फरशीवर, सकाळी, कॅमेऱ्यासमोर.’ आकड्यामागचा हा तपशील नसेल, तर पुढच्या महिन्यात कमी झालेला किलो बाईंचा की काट्याचा, हे कळत नाही.

वाटीचेही असेच आहे. ‘एक वाटी भात’ म्हटल्यावर तीच वाटी पाण्याने भरून मापाच्या कपात ओतायला सांगावी. बेंगळुरूच्या घरात नाचणीचा मुद्देही असतो आणि त्याचा गोळा घरागणिक लहानमोठा. त्याचे एकदा वजन केलेले बरे.

गैरसमज: कॅमेऱ्यात चेहरा दिसतो, म्हणजे तपासणी झाली.

ट्यूबलाइटखाली कोणीही फिकट दिसते. पडद्यावरून रक्तक्षय ठरवता येत नाही, स्नायू किती झिजलेत हे हाताला लागत नाही. घोट्यावर अंगठा दाबून खड्डा राहतो का, हे रुग्णाला करून बघायला सांगता येते, पण मग नोंदीत ‘सूज नाही’ असे न लिहिता ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार खड्डा राहत नाही, प्रत्यक्ष तपासणी नाही’ असे लिहावे.

बाईंनी सांगितले, की संकष्टीला अकराच्या सुमारास चक्कर आली. साखर मोजली नव्हती. ग्लिमेपिराइड घेऊन जेवण टाळले तर साखर घसरू शकते, त्यामुळे संशय रास्तच. तरीही ‘साखर कमी झाली’ हे निदान लिहू नये. ‘चक्कर, साखर मोजलेली नाही, गोळी घेतली होती, काही खाल्ले नव्हते’ एवढेच लिहून ते त्याच दिवशी बाईंच्या डॉक्टरांना कळवावे आणि कळवल्याची वेळ टिपावी. गोळी बदलणे आहारतज्ज्ञांच्या अधिकारात नाही.

गैरसमज: ‘पंधरा दिवसांनी बोलू’ म्हणजे पाठपुरावा.

तारीख, फोन कोण करणार, तोवर काय मोजायचे आणि कोणत्या लक्षणांवर थांबायचे नाही, हे चारही लिहिलेले हवे. आपल्या उदाहरणात शेवटचे असे: साखर 70 च्या खाली गेली किंवा पुन्हा चक्कर आली, तर लगेच साखर घेऊन डॉक्टरांशी संपर्क, शुद्ध हरपली तर तोंडात काही न घालता थेट रुग्णालय. फोन उचलला गेला नाही, तर तो प्रयत्नही वेळेसह नोंदवावा.

तुम्ही रुग्ण असाल, तर सल्ला संपल्यावर ही नोंद स्वतःसाठी मागून घ्या आणि तिच्यातली उंची भिंतीपाशी मोजलेलीच आहे का, तेवढे तपासा.