पाव किलो की अर्धा किलो?

आमच्या बुधवाऱ्यात गणेशोत्सवातल्या गुणगौरव कार्यक्रमाचं सूत्रसंचालन यंदा माझ्या भाचीकडे होतं. ती आठवीत, हिंदी माध्यमात. प्रमुख पाहुणे पाणीपुरवठ्यातले निवृत्त इंजिनिअर. परिचय हसत-खेळत करायचा, असा तिचा हट्ट होता.

पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं होतं, "सरांनी जन्मभर पाणी पोचवलं, आमच्या नळाला मात्र पत्ता सापडला नाही." घरात सगळे हसले. मी ते खोडलं, तर बाईसाहेब रुसल्या. मी म्हटलं, "अगं, सभागृहात हसू नळावर येणार नाही, त्यांच्यावर येईल. खात्याचं उत्तर ते व्यासपीठावर बसून कसं देणार? आणि हार घेऊन बसलेला माणूस उठूनही जाऊ शकत नाही." त्याच कारणाने टक्कल, वय आणि काकूंचा धाकही गेला.

मग तोच विनोद तिने स्वतःकडे वळवला. आपला कुंडी भंडारा चारशे वर्षांचा. सातपुड्याकडून येणारं भूगर्भातलं पाणी बोगद्यातून नुसत्या उतारावर शहराकडे वाहतं, पंप नाही. तिने लिहिलं, "कुंडी भंडारा पंपाशिवाय चालतो, माझं भाषण मात्र मामाच्या धक्क्याशिवाय चालत नाही!" पाण्याचा विषय राहिला, टोमणा गेला.

दुसरा विनोद पाहुण्यांनीच दिला. माहिती विचारायला तिने फोन केला, तेव्हा ते सांगून गेले की बुऱ्हाणपूरला रुजू झाले त्या दिवशी मावा जिलेबी इतकी खाल्ली, की रात्री जेवलेच नाहीत. तिने लगेच विचारलं, "सर, हे स्टेजवर सांगू का?" ते म्हणाले, "सांग बेटा, पण अर्धा किलो नको, पाव किलो म्हण."

परिचय दीड मिनिटाचा. आधी पूर्ण नाव आणि काम, मध्ये हे दोन विनोद, शेवटी विनोद नाहीच. फक्त आदराने बोलावणं. शेवटच्या वाक्यात हशा आला की टाळ्या कुणासाठी, हे लोकांना कळत नाही. तालीम खरी लागली ती "सर आले आहे"चं "आले आहेत" करायला. आपल्याकडच्या मुलांची ही जुनी खोड, आणि आदरात नेमकी तीच खटकते.

त्या संध्याकाळी कुंडी भंडाऱ्याच्या वाक्यावर कुणीच हसलं नाही. पहिल्या रांगेत आरतीच्या ताटाची गडबड चालू होती. ती क्षणभर थबकली, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विनोद समजावून सांगते की काय! (समजावलेला विनोद म्हणजे गार झालेली भजी.) पण ती तशीच पुढे गेली. "सरांच्या परवानगीने सांगते, पहिल्याच दिवशी त्यांनी पाव किलो मावा जिलेबी खाल्ली." आणि जरा थांबून, "एवढंच सांगायची परवानगी आहे."

हे शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला. सगळं सभागृह हसत होतं, मी मात्र पाहुण्यांकडे बघत होतो.

ते माईकपाशी आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अर्धा किलो."