चांगला होलोग्राम फोटोत वाईट दिसतो

'ओरिजिनल' किंवा 'जेन्युइन' असं लिहिलेले चंदेरी गोल स्टिकर पॅकिंगच्या दुकानात रिळाच्या भावाने मिळतात. कुणीही घ्यावेत आणि कशावरही चिकटवावेत. गंमत म्हणजे ते बनावट नसतात, खरेखुरे होलोग्रामच असतात. फक्त त्यांच्यावरून माल अस्सल आहे की नाही हे काडीचंही कळत नाही. हा स्टिकर अमुक साच्यातून निघाला आहे, एवढंच होलोग्राम सांगू शकतो. तो साचा कोणाचा आणि त्यातून निघालेलं चित्र कसं दिसायला हवं, हे घेणाऱ्याला ठाऊक नसेल तर ती नुसती चमकी.

साचा करायची रीत पाहिली, की नक्कल कुठे अडते ते समजतं. काचेवर प्रकाशाने बदलणाऱ्या रसायनाचा थर देतात आणि त्यावर लेझरचे दोन झोत एकमेकांवर पाडतात. दोन्ही मिळून अतिशय बारीक रेषांची जाळी उमटते. एका मिलिमीटरात साधारण हजार रेषा. काच धुतली की त्या रेषांच्या जागी सरी उरतात, त्यांची खोली मायक्रॉनचा एखादा अंश. त्यावर विजेच्या साहाय्याने निकेल चढवून पातळ पत्रा सोडवून घेतात. हाच साचा, कारखान्यात त्याला शिम म्हणतात. तो तापवून प्लॅस्टिकच्या पन्नीवर दाबला की सरी पन्नीत उतरतात. मग निर्वात पेटीत पन्नीवर ॲल्युमिनियमचा थर बसवायचा, मागे गोंद लावायचा. पहिली काच महाग पडते, पण पुढचे लाखो स्टिकर स्वस्तात निघतात.

या सगळ्यात शाई कुठेच नाही. रंग दिसतो तो सरींमुळे. सीडीच्या पाठीवर इंद्रधनुष्य दिसायचं तेही याच कारणाने. सरींमधलं अंतर आणि त्यांची दिशा बदलली, की आपल्या डोळ्याकडे येणारा रंग बदलतो. होलोग्राममध्ये चित्राच्या प्रत्येक भागाला वेगळी जाळी दिलेली असते. म्हणून बोधचिन्ह हिरवं आणि त्यामागची जमीन लाल दिसते. जरा कलवलं, की चिन्ह निळं होतं आणि जमीन काळी पडते.

स्टिकरला आणखी एक काम असतं: एका खोक्यावरून निघून दुसऱ्यावर न जाणं. पन्नी आणि धातूचा थर यांच्यामध्ये मुद्दाम कमकुवत जागा ठेवलेल्या असतात. सोलायला गेलं की पन्नी हातात येते आणि चंदेरी थराचा काही भाग मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या नक्षीत खोक्यालाच चिकटून राहतो. पुन्हा चिकटवलेल्या स्टिकरवर हीच नक्षी अर्धवट, फाटकी दिसते. फोटोतही ती सहज ओळखू येते.

आता फोटोकडे वळू, कारण हल्ली निम्मी खरेदी फोटो पाहूनच होते. फोटो म्हणजे एकाच कोनातून, एकाच उजेडात पाहणं. त्या कोनात ज्या सरींचा प्रकाश कॅमेऱ्याकडे वळतो तेवढाच भाग उजळतो. बाकीचा भाग करडा किंवा काळा येतो. मधेच दिव्याचं प्रतिबिंब पडून पांढरा डागही उमटतो. ढगाळ हवेत किंवा ट्यूबलाइटखाली उजेड अनेक दिशांनी येत असल्याने रंग एकमेकांत मिसळून फिके पडतात आणि खोलवर दिसणारं चित्र धूसर होतं. त्यामुळे अस्सल होलोग्रामचा फोटो बहुतेक वेळा अपुरा, डागाळलेला आणि निराश करणारा असतो. सगळी अक्षरं नीट लागताहेत, सगळे रंग एकाच वेळी हजर आहेत आणि झळाळी कुठेच नाही, असा फोटो आला तर मला आधी संशय येतो. तो बहुधा छापील चित्राचा फोटो असतो.

नकलेचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार थोडा हुशार असतो. बाजारात मिळणारी साधी इंद्रधनुषी पन्नी घ्यायची आणि तिच्यावर शाईने बोधचिन्ह छापायचं. कलवलं की रंग फिरतात, म्हणून गिऱ्हाइकाचं समाधान होतं. फोटोत मात्र रंगाचा पट्टा पाहावा. तो चिन्हाच्या कडेपाशी न थांबता, जणू चिन्ह तिथे नाहीच अशा थाटात, सरळ पुढे निघून जातो, कारण सगळ्या पन्नीवर जाळी एकच आहे. अस्सल होलोग्राममध्ये रंग नेमका त्या कडेवर तुटतो. दुसरा प्रकार म्हणजे मूळ नक्षी बघून स्वस्त यंत्रावर नवा साचा पाडणं. जवळून काढलेल्या फोटोत त्याचे ठिपके मोजता येतील इतके मोठे दिसतात आणि सूक्ष्म अक्षरांच्या जागी नुसती रेघ उरते. मात्र व्हॉट्सॲपवर आकसून आलेल्या फोटोत अस्सल अक्षरांचीही रेघच होते, तेव्हा तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नये.

आपल्या ओळखीचं एक उदाहरण घेऊ. 1 एप्रिल 2019 पासून नव्या वाहनांना येणाऱ्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटवर डाव्या कोपऱ्यात वरती 20 मिलिमीटरचा चौरस होलोग्राम असतो आणि त्यात अशोकचक्र असतं. हा चिकटवलेला स्टिकर नव्हे. क्रोमियमचा थर असलेली पन्नी तापवून थेट प्लेटवर ठसवलेली असते, म्हणून त्याला जाडी जाणवत नाही. समजा, जुनी स्कूटर घ्यायची आहे आणि विकणारा प्लेटचे फोटो पाठवतोय. त्याला तीन फोटो मागावेत: एक समोरून दिवसाउजेडी, एक त्याच जागी उभं राहून बाजूने, आणि तिसरा अंधारात दोन-तीन मीटरवरून, किंचित तिरपा, फ्लॅश लावून.

पहिल्या दोन फोटोंत चक्राचा रंग किंवा उजळपणा बदलायला हवा. दोन्हींत तेच निळं चक्र तितकंच ठसठशीत आलं, तर ते छापलेलं आहे. कडाही पाहाव्यात: वरून चिकटवलेल्या चौकोनाच्या कडेला धूळ बसून काळी रेघ धरते आणि कोपरा उचललेला असतो. सगळ्यात बोलका तिसरा फोटो. प्लेटची पांढरी जमीन आलेला प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवते, म्हणून फ्लॅशमध्ये ती झगझगीत पांढरी येते. होलोग्राम आरशासारखा असल्याने तो फ्लॅशचा उजेड भलतीकडे फेकतो आणि त्या पांढऱ्या जमिनीत काळपट चौकोनासारखा दिसतो. छापील चक्र याच्या उलट वागतं. शाईतून प्रकाश आरपार जाऊन परत येतो, त्यामुळे चक्र जमिनीसोबतच निळं उजळतं. आणि जमीनच उजळली नाही, तर अख्खी प्लेटच साध्या पत्र्यावर रंगवलेली.

या तिन्ही परीक्षांत उतरलेली प्लेट अस्सल असेलच, असं मात्र नाही. अस्सल होलोग्रामवरून साचा पाडून केलेली नक्कल थोडी मंद, धुरकट दिसते, पण फोन तो मंदपणा आपणहून उजळून टाकतो. शिवाय दुसऱ्या गाडीची खरी प्लेट काढून लावलेली असली, तर होलोग्राम अर्थातच खरा असणार. त्यासाठी प्लेटच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला क्रमांक असतो. तो वाहनाच्या नोंदीला जोडलेला असतो आणि फोटोत बहुधा वाचता येत नाही. गाडीपाशी जाऊन, टॉर्च तिरपी धरून, तो स्वतः वाचावा लागतो.