उलटा फोटो आणि आजोबांचा तीळ

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जे 'म्हणजे', 'काय' खूप झाले ते थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय ऐकायला अगदी किरकोळ वाटेल. फोटो डावीकडून उजवीकडे उलटला तर काय होतं? तुम्ही म्हणाल, काय व्हायचंय, आरशात बघतो तसं दिसेल. मलाही असंच वाटायचं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, दिवसभर असल्याच गोष्टींत असतो, आणि तरी मीच फसलो. तर आधी तो किस्सा सांगतो.

आम्ही नारायण पेठेत राहतो. गणपतीचे दिवस, संध्याकाळची वेळ, लक्ष्मी रोडला पाय ठेवायला जागा नाही. आमच्या बिल्डिंगमधले एक आजोबा, ज्यांना हल्ली विसरायला होतं, ते दर्शनाला म्हणून खाली उतरले आणि परत आलेच नाहीत. तासाभराने शोधाशोध सुरू झाली. नातवाच्या मोबाइलमध्ये चार दिवसांपूर्वीचा त्या दोघांचा सेल्फी होता. त्याने स्वतःला कापून फक्त आजोबांचा भाग ठेवला आणि मला म्हणाला, "दादा, तू मेसेज लिही, तुला नीट जमेल."

मी नीट लिहिला. अगदी विचार करून. आजोबांच्या गालावर चांगला मोठा तीळ आहे. फोटोत तो माझ्या उजव्या हाताला दिसत होता. पण समोरचा माणूस आपल्याकडे तोंड करून असतो, त्यामुळे आपलं उजवं ते त्याचं डावं. म्हणून मी लिहिलं, 'डाव्या गालावर मोठा तीळ'. मेसेज आणि फोटो सगळीकडे गेला, एका चौकीतही दिला.

आजींनी फोटो पाहिला तेव्हा त्या म्हणाल्या, "हेच आहेत, पण जरा वेगळेच दिसतायत नाही का?" आम्ही म्हटलं, काळजीने तसं वाटतंय.

दीड-दोन तासांनी एकाचा फोन आला. नदीपात्राच्या बाजूला एक आजोबा बसलेत, नाव सांगत नाहीत, पण तीळ उजव्या गालावर आहे. "म्हणजे तुमचे नसावेत," असं म्हणून त्याने फोन ठेवला. आणि आम्हीही ते मान्य केलं! मीच म्हणालो, "नाही, आपल्याला डावा पाहिजे."

पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी त्या फोटोत नेमकं काय बिघडलं होतं ते बघू.

मोबाइलचा पुढचा कॅमेरा आपल्याला स्क्रीनवर आरशासारखं दाखवतो. नाही दाखवलं तर केस विंचरतानासुद्धा हात चुकीच्या बाजूला जाईल. प्रश्न असतो सेव्ह करताना. काही फोन फोटो सरळ करून ठेवतात, काही स्क्रीनवर दिसला तसाच उलटा ठेवतात, आणि बऱ्याच फोनमध्ये त्यासाठी सेटिंग असतं. आयफोनमध्ये ते Mirror Front Camera या नावाने आहे. नातवाच्या फोनमध्ये उलटा ठेवणारं सेटिंग चालू होतं. बहुतेकांना ते आवडतं, कारण आपण स्वतःला आयुष्यभर आरशातच बघितलेलं असतं. १९७७ मध्ये मीटा, डर्मर आणि नाइट या तिघांनी यावर प्रयोग केला होता. लोकांना स्वतःचा आरशातला चेहरा जास्त आवडला, आणि त्यांच्या जवळच्या माणसांना मात्र सरळ फोटो आवडला. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. भांग एका बाजूला, एक भुवई किंचित वर, हसताना ओठाचं एक टोक जास्त जातं. हे सगळं एकदम बाजू बदलतं, आणि ओळखीच्या माणसाला 'काहीतरी चुकतंय' एवढंच कळतं. काय चुकतंय ते सांगता येत नाही. आजींचं 'जरा वेगळेच दिसतायत' हे खरं तर त्या संध्याकाळचं सगळ्यात अचूक निरीक्षण होतं.

आता गंमत बघा. मी विचार न करता, फोटोत तीळ उजवीकडे दिसतोय म्हणून 'उजव्या गालावर' असं लिहून टाकलं असतं, तर ते बरोबर आलं असतं! फोटो एकदा उलटलेला, मी डोक्यात अजून एकदा उलटवला, आणि दोन्ही मिळून उत्तर चुकलं. शहाणपणा नडला तो असा.

गणित अगदी साधं आहे. फोटो १०८० पिक्सेल रुंद असेल आणि एखादा ठिपका डावीकडून २०० व्या जागी असेल, तर उलटल्यावर तो १०७९ वजा २००, म्हणजे ८७९ व्या जागी जातो. (मोजणी शून्यापासून, आमची सवय.) वर-खाली काहीच बदलत नाही. फिरवलेला फोटो आणि उलटलेला फोटो यात फरक हाच आहे. आडवा किंवा डोक्यावर उभा राहिलेला फोटो हाताने फिरवून सरळ करता येतो. उलटलेला फोटो कितीही फिरवा, सरळ होत नाही. तो परत एकदा उलटवावाच लागतो.

मग ओळखायचा कसा? आजोबांच्या मागे एका मंडळाचा फ्लेक्स होता, धूसर. अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून आम्ही तिकडे लक्षच दिलं नाही. पण देवनागरीत वाचता न येताही कळतं. शिरोरेघ वरच राहते, ती काही सांगत नाही. काना बघायचा. व, ब, न, त, म, स, ग, प... आपल्या कितीतरी अक्षरांची उभी रेघ उजव्या बाजूला असते. फोटो उलटला की ती सगळी डावीकडे जाते, आणि अक्षरांची पोटं उजवीकडे लोंबायला लागतात. शब्द कळला नाही तरी हे दिसतं. वेलांटीची तर मजाच होते. पहिली वेलांटी उलटून दुसरीसारखी दिसते आणि दुसरी पहिलीसारखी. आकड्यांमध्ये धूसर फोटोतला ३ हा ६ वाटू शकतो, शून्य मात्र शून्यच राहतं. म्हणून गाडीचा नंबर किंवा दुकानाचा फोन नंबर उलट्या फोटोतून अंदाजाने वाचू नका.

दुसरी खूण शर्टाची. पुरुषांच्या शर्टाला खिसा सहसा डाव्या छातीवर असतो, आणि बटणपट्टीची डावी बाजू उजवीवर येते. सरळ फोटोत तो खिसा आपल्याला उजव्या हाताला दिसायला हवा. आजोबांचा पेन खोचलेला खिसा डाव्या हाताला दिसत होता. समोर होतं, बघितलं कोणी नाही.

लोगोचं म्हणाल तर तो दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर निरुपयोगी. पण ॲपलच्या सफरचंदाचा घास उजवीकडे असतो, तो डावीकडे दिसला की विषय संपला. रस्त्यावरचा फोटो असेल तर गाडीचं स्टिअरिंग बघा, बाइकचा साइड स्टँड बघा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे आणि स्टँड डावीकडे. पुण्यातलाच फोटो उलटला की सगळी वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने जाताना दिसतात, आणि कोणीतरी तो 'परदेशातला' म्हणून फॉरवर्डही करतो.

आपल्या घरांतल्या खुणा तर अजून बारीक आहेत. मराठी नथ डाव्या नाकपुडीत. जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे, म्हणजे सव्य. मुंजीचा फोटो उलटा स्कॅन झाला तर बटू अपसव्य दिसतो, जे पितरांच्या कार्याला करतात. आजी-आजोबांच्या पिढीतलं कोणीतरी ते बघून दचकणार हे नक्की. जुन्या निगेटिव्ह चुकीच्या बाजूने स्कॅनरवर ठेवल्या की हे हमखास होतं. आणि गणपती! सिद्धटेकचा सिद्धिविनायक अष्टविनायकांतला एकटा उजव्या सोंडेचा. उजवी म्हणजे मूर्तीची स्वतःची उजवी, आपल्याला समोरून डावीकडे वळलेली दिसते. फोटो उलटला की त्याचा डाव्या सोंडेचा गणपती होतो, आणि फोटोवरून मूर्ती ओळखणारा माणूस सरळ चुकीचं नाव सांगतो.

पण या सगळ्या खुणांचं वजन सारखं नाही. अक्षरं, आकडे, स्टिअरिंग यांच्यावर विश्वास ठेवा. शर्टाचा खिसा बऱ्यापैकी पक्का. घड्याळ, भांग, पदर या मात्र सवयी आहेत. गुजराती पद्धतीचा पदर उजव्या खांद्यावर येतो, काही जण घड्याळ उजव्या हातात घालतात. सवयीवरून निष्कर्ष काढला की काय होतं याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतला बिली द किड. त्याचा १८८० च्या सुमाराचा एक फोटो लोखंडी पत्र्यावर थेट उमटवलेला होता. त्या पद्धतीत फोटो उलटाच येतो. त्यात पिस्तूल डाव्या बाजूला दिसतं, म्हणून तो डावखुरा अशी दंतकथा झाली. १९५८ मध्ये त्यावर सिनेमाही आला, नावातच डावखुरेपणा. उत्तर त्याच फोटोत होतं. त्याच्या हातातली विंचेस्टर १८७३ रायफल. तिच्यात गोळ्या भरायची खाच उजव्या बाजूला असते, आणि फोटोत ती डावीकडे दिसते.

एक प्रश्न नेहमी येतो, की चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला हे कळत नाही का? बहुतेक वेळा नाही, कारण त्याला कळू नये अशीच व्यवस्था असते. शिकवताना प्रत्येक फोटोचा उलटा फोटोही देतात, म्हणजे माणूस कसाही वळला तरी ओळख पटावी. त्यामुळे उलटा फोटो दिला तरी 'तोच माणूस' असं उत्तर येतं आणि फोटो उलटा आहे हे कोणी सांगत नाही. तीळ, वण, गोंदण आणि बोटांचे ठसे यांना मात्र बाजू असते. ठशातला एका बाजूला उघडणारा फास उलटला की दुसऱ्या हाताचा वाटू शकतो. बुबुळांचंही तसंच, एकाच माणसाची डावी-उजवी बुबुळं वेगळी असतात.

मूळ फाइल हातात असेल तर एक तपासणी करता येते:

```
exiftool -Orientation -n photo.jpg
magick photo.jpg -flop sarala.jpg
```

पहिल्या ओळीचं उत्तर २, ४, ५ किंवा ७ आलं, तर फोटो दाखवताना आरशासारखा उलटवायचा आहे अशी नोंद फाइलमध्ये आहे. १ आलं म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण काही फोन पिक्सेलच उलटे करून ठेवतात आणि नोंद करत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ही माहिती सहसा उरतच नाही. दुसरी ओळ फोटो सरळ करते. त्यात -flop लिहायचं, -flip नाही. -flip ने माणूस डोक्यावर उभा राहतो, आणि हो, ही चूक मी ऑफिसात केलेली आहे.

तर त्या संध्याकाळी पुढे काय झालं? आजी शांतपणे नातवाला म्हणाल्या, "अरे, मी रोज त्यांच्या समोर बसून चहा पिते. तीळ माझ्या डाव्या हाताला असतो. ह्या फोटोत तो उजव्या हाताला कसा?" मग मी फोटो मोठा करून फ्लेक्स बघितला. काने सगळे डावीकडे. आलेल्या नंबरवर परत फोन लावला. नशीब, तो मुलगा तिथेच होता आणि आजोबाही. मेसेज बदलून पाठवेपर्यंत आम्ही नदीपात्रात पोचलो होतो. आजोबा भेळ खात बसले होते, त्या मुलानेच घेऊन दिलेली.

आता बिल्डिंगच्या ग्रुपवर घरातल्या प्रत्येक वयस्कर माणसाचा एक फोटो ठेवलाय. मागच्या कॅमेऱ्याने काढलेला, हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र, मथळा वाचता येईल असा. खाली खुणा लिहिल्यात, त्या फोटोवरून नाही, माणसाला समोर बसवून आणि त्याच्या हाताला हात लावून. पुढच्या भागात जुन्या निगेटिव्ह घरच्या घरी स्कॅन कशा करायच्या आणि चकचकीत बाजू कुठे ठेवायची ते बघू. भेटूच.