निफ्टी पडत असताना कोण उभं होतं?

३१ डिसेंबर २०१९ ला निफ्टी १२,१६८ वर बंद झाला. करोनाच्या धक्क्यानंतर, ३१ मार्च २०२० ला, तो ८,५९८ वर होता. तीन महिन्यांत २९ टक्के गेले. त्याच तीन महिन्यांत डिव्हीज लॅबोरेटरीज या हैदराबादच्या औषध कंपनीचा शेअर सुमारे १,८५० रुपयांवरून २,००० च्या जवळ पोचला. नुसता त्या शेअरचा चार्ट पाहिला असता तर आठेक टक्क्यांची वाढ आणि मधले मोठे हेलकावे, एवढंच दिसलं असतं. निफ्टी शेजारी ठेवला की तोच चार्ट वेगळं काही सांगू लागतो.

शेजारी ठेवायची रीत सोपी आहे. शेअरच्या भावाला निर्देशांकाने भागायचं. १,८५० भागिले १२,१६८ म्हणजे ०.१५२. मार्चअखेर २,००० भागिले ८,५९८ म्हणजे ०.२३३. हा भागाकार तीन महिन्यांत ५३ टक्क्यांनी वाढला. यालाच बाजारात रिलेटिव्ह स्ट्रेंथ म्हणतात. चार्टच्या संकेतस्थळावर `NSE:DIVISLAB/NSE:NIFTY` असं टाइप केलं की या भागाकाराची रेघ थेट समोर येते. ०.२३३ या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नाही, पाहायची ती रेघेची दिशा. (आरएसआय नावाचं प्रसिद्ध साधन मात्र वेगळं. त्यात शेअरची तुलना त्याच्याच मागच्या भावांशी होते, निर्देशांक त्यात कुठेच येत नाही.)

पडत्या बाजारात ही रेघ जास्त बोलते, असं मला वाटतं. तेजीत बहुतेक सगळेच वर जातात, त्यामुळे शेअरमध्ये स्वतःचा किती जोर आहे ते कळत नाही. मार्च २०२० मध्ये परदेशी गुंतवणूकदार दिसेल ते विकत होते. अशा विक्रीतही ज्याचा भाव टिकतो, त्याला प्रत्येक घसरणीत कुणीतरी मोठा खरेदीदार मिळत असतो. पुढे विक्रीचा दाब ओसरतो, पण हा खरेदीदार बऱ्याचदा तिथेच असतो. २०२० संपताना डिव्हीज ३,८०० च्या पुढे होता आणि निफ्टी १३,९८२ वर. मार्चअखेरपासून निफ्टी ६३ टक्के वाढला, शेअर नव्वद टक्क्यांहून जास्त.

खरेदीसाठी शेअर निवडताना मग या रेघेची गाळणी करता येते. निफ्टी ५०० मधल्या प्रत्येक शेअरचा सहा महिन्यांचा परतावा काढा, त्यातून निर्देशांकाचा परतावा वजा करा, उतरत्या क्रमाने लावा आणि वरचे पन्नासेक ठेवा. एकाच दिवसाच्या उडीमुळे वर आलेले शेअर यातून काढून टाकावेत. चांगला निकाल किंवा कंपनी विकली जाण्याची बातमी आली की रेघ एका दिवसात उसळी मारते आणि मग आडवी पडते. आपल्याला हवी ती आठवड्यामागून आठवडे चढणारी रेघ.

इथेच सर्वांत फसवी जागा येते. निर्देशांक २९ टक्के पडला आणि शेअर १५ टक्के, तरी भागाकार वाढतोच. कागदावर शेअर बळकट ठरतो, पण पैसे लावणाऱ्याचे शंभराचे पंचाऐंशी होतात. म्हणून दुसरी अट घालावीच लागते: शेअरचा स्वतःचा भाव त्याच्या २०० दिवसांच्या सरासरीच्या वर हवा. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरी तो शेअर फक्त यादीत येतो. कोणत्या भावाला घ्यायचा आणि कुठे तोटा कापायचा, हे भावाच्या चार्टवरच ठरतं.

मंदीचा तळ लागल्यानंतरचे पहिले काही आठवडे या गाळणीला सर्वांत जड जातात. तेव्हा सर्वांत जास्त मार खाल्लेले शेअरच सर्वांत वेगाने उसळतात. मार्च २००९ मध्ये अमेरिकेत सिटीग्रुपचा शेअर एक डॉलरच्या खाली गेला होता, मेच्या सुरुवातीला तो चार डॉलरच्या आसपास होता. सहा महिन्यांच्या बळावर लावलेल्या कोणत्याही यादीत तो तळाशीच असणार. ही उसळी हातची जाते आणि ती जाऊ द्यावी लागते.

बळ कायम टिकत नाही, हेही डिव्हीजमध्येच पाहता येतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो पाच हजारांच्या पुढे गेला. मार्च २०२३ अखेर मात्र तो २,८०० च्या आसपास आणि निफ्टी १७,३६० वर होता. भागाकार ०.१६ वर, म्हणजे करोनाआधीच्या पातळीजवळ परतला होता. निफ्टी या काळात शिखरापासून फारसा खाली नव्हता, त्यामुळे या घसरणीचं खापर बाजारावर फोडता येत नाही. गाळणी दर महिन्याला नव्याने लावणाऱ्याच्या यादीतून तो शेअर २०२२ च्या पहिल्या महिन्यांतच बाहेर पडला असता.