समजा, नगर जिल्ह्यात ‘पाटील’ आडनावावर बंदी आली तर?

राहुरीतल्या एखाद्या पाटलाला सरकारनं सांगितलं की ‘पाटील हा हुद्दा आहे, आडनाव म्हणून चालणार नाही’, तर काय होईल? देशमुख, कुलकर्णी, देशपांडे सगळेच अडकतील. हसू नका, तुर्कस्तानात खरोखर असा कायदा झाला होता.

तिथं १९३४ पर्यंत बहुतेकांना कायमचं आडनाव नव्हतं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, फार तर एखादं टोपणनाव. एकाच गावात डझनभर मेहमद असले की सैन्यभरती आणि करवसुली करणाऱ्यांची पंचाईत व्हायची. म्हणून मुस्तफा केमाल यांच्या सरकारनं २१ जून १९३४ ला आडनावाचा कायदा केला. तो जानेवारी १९३५ पासून लागू झाला आणि लोकांना दोन वर्षांची मुदत मिळाली. मुदतीत नोंद केली नाही, तर अधिकारी आडनाव देणार.

अटी भारी होत्या. हुद्दा, टोळी, परकीय वंश, घाणेरडा किंवा हास्यास्पद शब्द, यातलं काहीच चालणार नव्हतं. नियमावलीत आर्मेनियन ‘यान’ आणि ग्रीक ‘पुलोस’ हे शेवट लावायलाही बंदी होती. ‘बिन’ आणि ‘वलद’ही बाद! आपल्या जुन्या मराठी कागदांत ‘तुकाराम बिन सखाराम’ असं लिहिलेलं दिसतं, ते हेच शब्द. निवड करायचा हक्क नवऱ्याचा, बायकोला विचारायची सक्ती नव्हती.

मग लोकांनी काय घेतलं? सोपे, दणकट शब्द. काया म्हणजे खडक, देमिर म्हणजे लोखंड, यिलमाझ म्हणजे न डगमगणारा. पंतप्रधान इस्मत यांना त्यांनी जिंकलेल्या लढाईच्या जागेवरून इनोनू हे आडनाव मिळालं. मुस्तफा केमाल यांना संसदेनं ‘अतातुर्क’ दिलं आणि ते इतर कुणी लावायचं नाही असंही ठरवलं. त्यामुळे सख्खी बहीण मकबुले ‘अतादान’ झाली. दत्तक मुलगी सबिहा हिला आकाशावरून ‘गोकचेन’ आडनाव मिळालं, आणि ती विमान चालवायला शिकली ती त्यानंतर!

प्रौढ भावांनी वेगवेगळी नोंद केली तर आडनावंही वेगळी पडत. सगळ्यात जास्त फटका बसला तो कुर्दांना. टोळीचं नाव बंद, म्हणजे ओळखच बंद. तुर्कस्तानातल्या एका नामवंत कुर्द नेत्याचं नाव आहे अहमद तुर्क. कुर्द माणूस, आणि आडनाव ‘तुर्क’.

आपल्याकडे असा एकच हुकूम निघाला नाही. जमिनीच्या कागदावर, शाळेच्या दाखल्यावर जे लिहिलं गेलं तेच पुढे चिकटलं. म्हणून गावावरून संगमनेरकर, जामखेडकर झाले आणि हुद्द्यावरून पाटील. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण नगरकर अजून नगरकरच आहेत.